जुलाबानंतर युरिया ९६, क्रिएटिनिन १.९: किडनी बिघडली की पाणी कमी पडलं?

पत्र

माझ्या वडिलांचं, अण्णांचं वय ६४ आहे. आम्ही पलूस तालुक्यातले. अण्णांना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. हृदयाचा त्रास नाही. गावच्या यात्रेच्या जेवणानंतर दोन दिवस त्यांना उलट्या-जुलाब झाले. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या दोन गोळ्याही त्यांनी घेतल्या. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर युरिया ९६, क्रिएटिनिन १.९, सोडियम १३३, पोटॅशियम ३.४ आणि खाली ईजीएफआर ३९ छापलेलं. दिवाळीत क्रिएटिनिन १.० होतं. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या तात्पुरत्या बंद करून अर्ध्या लिटरची दोन सलाईनं लावली. दुसऱ्या दिवशी युरिया ७१, क्रिएटिनिन १.६ आलं. वजन आधी ६६ किलो होतं, आजारात ६३ झालं, आता ६४ आहे. जुलाब थांबलेत, लघवी होते पण गडद. तात्या म्हणतात, किडनीचं दुखणं आहे, पाणी मोजून द्या, डाळ बंद करा. बहिणीनं युरिया-क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढलं ते ५० आलं, आणि २० च्या वर म्हणजे वाईट असं तिनं वाचलंय. किडनी गेली का? मिरजेला किडनीच्या डॉक्टरांकडे न्यावं का? गोळ्या परत कधी चालू करायच्या?

उत्तर

आधी तातडीचं सांगतो. पाणी मोजून देणं आजच थांबवा. अण्णांच्या आकड्यांचा सगळा रोख एकाच गोष्टीकडे आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं, त्यामुळे किडनीपर्यंत रक्त कमी पोचलं आणि म्हणून किडनीचे आकडे चढले. अशा वेळी पाणी तोडलं तर तात्पुरता बिघाड खरोखरच्या इजेत बदलू शकतो. किडनी कायमची गेल्याची खूण या दोन रिपोर्टांत आम्हाला दिसत नाही. मात्र अण्णा अजून पुरते सावरलेलेही नाहीत. पुढचे तीन-चार दिवस नीट लक्ष ठेवावं लागेल.

बहिणीच्या हिशोबापासून सुरुवात करू, कारण घरातली निम्मी भीती तिथूनच आली आहे. २० ही मर्यादा तिनं वाचली ती चूक नाही, पण ती युरियासाठी नसून बीयूएनसाठी आहे. बीयूएन म्हणजे युरियामधल्या फक्त नायट्रोजनचं वजन. युरियाच्या ६० भार वजनात नायट्रोजन २८ भार असतो, म्हणून युरियाच्या आकड्याला २.१४ नं भागलं की बीयूएन मिळतं. अमेरिकेत रिपोर्टवर बीयूएन छापतात आणि इंटरनेटवरची बरीच माहिती तिकडची असते. आपल्याकडच्या बहुतेक लॅब ‘ब्लड युरिया’ छापतात. दोन्हींची सरमिसळ झाली की गुणोत्तर दुपटीनं फुगतं.

अण्णांचा हिशोब असा होतो. पहिल्या रिपोर्टात ९६ भागिले २.१४ म्हणजे बीयूएन सुमारे ४५. त्याला १.९ नं भागलं की गुणोत्तर साधारण २३.६ येतं. दुसऱ्या रिपोर्टात ७१ चं बीयूएन ३३ होतं, १.६ नं भागलं की सुमारे २०.७. थेट युरिया धरूनच हिशोब करायचा असेल तर मर्यादा २० ऐवजी ४३ च्या आसपास धरावी लागते. बहिणीच्या पद्धतीनं ठणठणीत माणूसही आजारी ठरेल. युरिया ३० आणि क्रिएटिनिन ०.९ असलं तर तिला ३३ मिळतील, प्रत्यक्षात ते गुणोत्तर सोळाच्या आत आहे आणि पूर्ण नॉर्मल आहे.

हे गुणोत्तर चढलं म्हणजे किडनी जास्त बिघडली, असा अर्थ होत नाही. दोन्ही आकडे वाढलेले असताना युरिया क्रिएटिनिनपेक्षा जास्त वेगानं वाढला असेल तर ती बहुधा पाणी कमी पडल्याची खूण असते. किडनीच्या आतल्या नळ्यांनाच इजा झाली असेल तर दोन्ही बरोबरीनं चढतात आणि गुणोत्तर दहा-पंधराच्या घरात राहतं. म्हणजे बहिणीला ज्या आकड्याची धास्ती वाटली, तो खरं तर त्यातल्या त्यात बऱ्या बाजूचा आहे.

असं का होतं ते समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे जातात. युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही रक्तातून गाळले जाऊन किडनीच्या बारीक नळ्यांत उतरतात. क्रिएटिनिन एकदा नळीत आलं की परत रक्तात जात नाही, थेट लघवीत जातं. युरियाचं तसं नाही. एरवीसुद्धा गाळलेल्या युरियापैकी चाळीस-पन्नास टक्के नळ्यांतून परत रक्तात शोषला जातो. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली म्हणजे किडनीकडे येणारं रक्त कमी होतं, गाळणं मंदावतं, आणि युरिया व क्रिएटिनिन दोन्ही वाढतात. दुसरी म्हणजे शरीर पाण्याचा थेंब न् थेंब राखायला लागतं. तसा हुकूम देणारी संप्रेरकं वाढतात, नळ्या सोडियम आणि पाणी जोरात परत ओढतात, आणि त्या पाण्याबरोबर युरियाही मागं येतो. क्रिएटिनिनला एकच मार लागतो, युरियाला दोन. म्हणून युरिया पुढं पळतो. पाटाला पाणी कमी आलं की टोकाचा ऊस सुकतो, त्यात उसाचा दोष नसतो. पाणी वेळेत आलं तर तो परत उभा राहतो, फार दिवस आलं नाही तर मात्र जळून जातो. किडनीचं नेमकं तसंच आहे.

गडद लघवी ही त्याच कामाची खूण आहे. किडनी पाणी राखून लघवी घट्ट करतेय, म्हणजे तिच्या नळ्या अजून काम करताहेत. याचा पुरावा साध्या लघवी तपासणीत मिळतो. त्या रिपोर्टात ‘स्पेसिफिक ग्रॅव्हिटी’ अशी एक ओळ असते. पाणी कमी पडलेल्या पण शाबूत किडनीची लघवी १.०२० च्या वर असते. शरीर कोरडं असूनही ती १.०१० च्या आसपासच अडकली असेल, तर नळ्यांची लघवी घट्ट करायची ताकद गेल्याची शंका घ्यावी लागते. लघवीत साखर बरीच जात असेल तर हा आकडा थोडा फुगतो, म्हणून अण्णांच्या बाबतीत शेजारची ग्लुकोजची ओळही बघा. त्याच तपासणीत प्रथिनं, तांबड्या पेशी आणि तपकिरी कास्ट, म्हणजे इजा झालेल्या नळ्यांत तयार होणारे बारीक साचे, आहेत का तेही कळतं. ही तपासणी स्वस्त आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. ती उद्याच करून घ्या.

आता वजनाकडे वळू. तुम्ही वजन लिहून ठेवलंत हे फार कामाचं झालं. दोन-तीन दिवसांत कमी झालेलं वजन हे मुख्यतः पाण्याचंच असतं, एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. ६६ वरून ६३ म्हणजे तीन किलोची घट. त्यातलं थोडं आतडं रिकामं झाल्याचं आणि न जेवल्याचं धरलं, तरी अडीच लिटरच्या आसपास पाणी गेलं होतं. सलाईन मिळालं एक लिटर, आणि वजन नेमकं एक किलोनं वाढलं. म्हणजे अजून साधारण दीड लिटरचा तुटवडा आहे. दुसऱ्या रिपोर्टात आकडे उतरले पण नॉर्मलला आले नाहीत, याचा मेळ इथं बसतो. सलाईन लागू पडलं, पण ते पुरेसं नव्हतं. सलाईन लावलं आणि एका दिवसात क्रिएटिनिन ०.३ नं खाली आलं, हा आमच्या दृष्टीनं गुणोत्तरापेक्षाही भक्कम पुरावा आहे. पाणी मिळताच किडनी सुधारायला लागते, याचाच अर्थ पाणीच कमी पडलं होतं.

गुणोत्तरावर एकट्यावर आम्ही विसंबून राहत नाही, कारण ते फसवतंही. पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव झाला तर ते रक्त आतड्यात पचतं, त्याचा युरिया बनतो आणि गुणोत्तर चढतं. अण्णांनी डायक्लोफिनॅक घेतलंय आणि त्या गोळीनं जठरात व्रण होऊ शकतो. म्हणून शौच डांबरासारखं काळं आणि चिकट झालं होतं का, हे त्यांना स्पष्ट विचारा. लोहाच्या गोळीनंही शौच काळं होतं, पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं होत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि जोराचा तापही युरिया वाढवतात. अंगात मांस कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, त्यामुळे पाणी व्यवस्थित असूनही गुणोत्तर मोठं दिसतं. उलट चार-पाच दिवस पोटात अन्नच गेलं नसेल तर युरिया तयारच कमी होतो आणि पाणी कमी पडूनही गुणोत्तर साधं दिसतं. आणखी एक गोष्ट साठीच्या पुढच्या पुरुषांत विसरून चालत नाही. प्रोस्टेट वाढून लघवी अडली तरी सुरुवातीला गुणोत्तर असंच चढतं. अण्णांना लघवीला जोर लावावा लागत असेल, धार बारीक असेल किंवा ओटीपोट फुगलेलं वाटत असेल तर सोनोग्राफी लांबवू नका.

किती पाणी आणि कसलं

अण्णांना हृदयाचा त्रास नाही, पायाला सूज किंवा दम नाही आणि लघवी होतेय, हे धरून सांगतो. आज आणि उद्या दिवसाकाठी साधारण तीन लिटर द्रव पोटात जायला हवं. दोन लिटर रोजच्या गरजेचे आणि वरचा लिटरभर तुटवडा भरायला. तांब्याभर एकदम पाजू नका, उलटी परत येईल. दर पंधरा-वीस मिनिटांनी अर्धा कप, असं दिवसभर चालू ठेवा. यातलं एक लिटर ओआरएस असू द्या. बाकीचं पेज, पातळ वरण, मीठ घातलेलं ताक आणि साधं पाणी. नुसतं साधं पाणीच पाजणं बरोबर नाही, कारण त्यांचं सोडियम १३३ आहे, म्हणजे थोडं खालीच. जुलाबात पाण्याबरोबर मीठही गेलंय. नुसतं पाणी भरलं तर सोडियम आणखी पातळ होतं.

ओआरएस बनवताना घरोघर एकच चूक होते. मोठं पाकीट सुमारे २१ ग्रॅमचं असतं आणि ते एक लिटर पाण्यासाठी असतं. लोक ते एका पेल्यात कालवतात. असं घट्ट पाणी आतड्यात गेलं की आतडं उलट शरीरातलं पाणी स्वतःकडे ओढतं आणि जुलाब वाढतात. चार-सव्वाचार ग्रॅमचं छोटं पाकीट २०० मिलीचं असतं. ते लिटरभर पाण्यात टाकलं तर मीठ फारच कमी पडतं. पाकिटावरचं पाण्याचं माप वाचा, लिटरची बाटली घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट एकाच वेळी विरघळवा आणि उरलेलं चोवीस तासांनी टाकून द्या. पाकीट मिळालं नाही तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग न लावता.

शुगर आहे म्हणून ओआरएस टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं, आणि ते तिथं मीठ-पाणी आतड्यातून आत ओढायला हवंच असतं. दुकानात खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं मात्र वेगळी. त्यांत साखर कितीतरी जास्त आणि मीठ कमी असतं. अशा पेयांच्या लेबलवर ओआरएस हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. घेताना संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असलेली पावडरच घ्या. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही. अण्णांचं पोटॅशियम ३.४ म्हणजे किंचित कमी आहे, तेव्हा दिवसाला एक केळं किंवा एक शहाळं चालेल. पोटॅशियम पाचच्या वर असतं तर आम्ही हेच बंद करायला सांगितलं असतं. म्हणून शेजारपाजाऱ्यांच्या सल्ल्याआधी रिपोर्टवरची ती ओळ वाचा.

डाळ बंद करण्याची गरज नाही. प्रथिनं तोडायला सांगतात ते महिनोन् महिने मुरलेल्या किडनीच्या आजारात, आणि तेही मोजूनमापून. आत्ता मऊ भात, पातळ वरण, मुगाची खिचडी द्या. डाळ तोडली तर युरियाचा आकडा कागदावर बरा दिसेल, पण किडनीला त्याचा फायदा नाही आणि अण्णांची ताकद मात्र जाईल.

पाणी पुरतंय का हे तीन गोष्टींवरून कळतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा. दोन दिवसांत ते ६५ च्या पुढं सरकायला हवं. जेवण रुळावर आलं की उरलेलं आपोआप भरतं. वजन ६६ च्या वर चढायला लागलं किंवा पाय सुजले तर मात्र जादा पाणी थांबवा. दुसरी गोष्ट लघवी. एका खुणा केलेल्या बाटलीत चोवीस तासांची लघवी मोजा. दीड लिटरच्या आसपास आणि फिकट पिवळी झाली की गाडी रुळावर आली असं समजा. तिसरी गोष्ट बीपी. घरी मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा, मग उभं करून एक ते तीन मिनिटांत परत मोजा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला किंवा चक्कर आली, तर अंगात पाणी अजून कमी आहे. उभं करताना कुणीतरी शेजारी थांबा.

गोळ्यांचं काय

अण्णांच्या बाबतीत नुसते जुलाब नडले नाहीत, गोळ्यांनी त्यात भर घातली. एरवी रक्त कमी यायला लागलं की किडनी स्वतःचा बचाव करते. आत येणारी रक्तवाहिनी रुंद करते आणि बाहेर जाणारी आवळते, म्हणजे गाळणीवरचा दाब टिकतो. डायक्लोफिनॅक आत येणारी वाहिनी रुंद होऊ देत नाही. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी आवळू देत नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी घालवतं, तेही आधीच तुटवडा असताना. तिन्ही एकत्र आली की किडनीला हालचालच करता येत नाही. याचा अर्थ टेल्मिसार्टन वाईट औषध आहे असा मुळीच नाही. शुगरच्या रुग्णात एरवी तेच किडनीचं रक्षण करतं. ते फक्त उलट्या-जुलाबाच्या दिवसांत नको.

तुमच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या ते अगदी योग्य केलं. त्या परत सुरू करायला दोन गोष्टी एकत्र जुळायला हव्यात. अण्णा सलग एक-दोन दिवस नीट खात-पीत असले पाहिजेत, आणि पुढच्या रिपोर्टात क्रिएटिनिन जुन्या आकड्याजवळ आलेलं असलं पाहिजे. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा की टेल्मिसार्टन एकटं आधी सुरू करून पाणी घालवणारा भाग काही दिवसांनी घालायचा का. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही, पण ते किडनीवाटेच बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते साठतं आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. म्हणून तेही क्रिएटिनिन उतरल्यावरच. तोपर्यंत घरच्या मशीनवर शुगर दिवसातून दोनदा बघा. ती वारंवार ३०० च्या पुढं जात असेल किंवा बीपी सलग दोन वेळा १८०/११० च्या वर गेलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड यांपैकी काहीही या महिन्यात नको. पुढंही विचारल्याशिवाय नको. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी चालेल. मेडिकलवाल्याला नुसतं ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हणू नका, नाव घेऊन मागा.

पुढची तपासणी

क्रिएटिनिन चढतं लवकर, उतरतं सावकाश. पाणी भरून निघाल्यावर एक ते तीन दिवसांत बहुतेक उतार दिसतो, पण शेवटचं ०.१-०.२ जायला आठवडाही लागू शकतो. तेव्हा रोज रक्त काढू नका. दुसऱ्या रिपोर्टानंतर ४८ तासांनी एकदा युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करा आणि मग आठवड्यानं पुन्हा. लॅब तीच ठेवा, कारण क्रिएटिनिन मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. जुन्या पद्धतीत उपाशीपोटी वाढलेले कीटोनही क्रिएटिनिन म्हणून मोजले जातात आणि आकडा थोडा वर दिसतो. तपासणीच्या आदल्या रात्री मटण नको. शिजवलेल्या मटणातलं क्रिएटिनिन थेट रक्तात येतं आणि काही तास आकडा चढलेला राहतो. यात्रेचे दिवस आहेत म्हणून मुद्दाम सांगतो.

ईजीएफआर ३९ हा छापील आकडा सध्या विसरा. ईजीएफआर म्हणजे किडनी किती वेगानं रक्त गाळते याचा क्रिएटिनिनवरून सूत्रानं काढलेला अंदाज, आणि ते सूत्र क्रिएटिनिन कित्येक दिवस एका जागी स्थिर आहे असं गृहीत धरतं. ते रोज चढत-उतरत असताना त्यातून निघणारा ईजीएफआर चुकीचा असतो. त्यावरून ‘तिसऱ्या टप्प्याचा जुनाट आजार’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. जुनाट म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. दिवाळीतला १.० हा आकडा तुमच्याकडे आहे, तो प्रत्येक डॉक्टरला पहिल्यांदा दाखवा. तोच नसता तर १.९ जुनं आहे की नवं, हे कुणालाच चटकन सांगता आलं नसतं.

मिरजेला कधी

आत्ताच्या आकड्यांवर धावपळ करायची गरज नाही. ४८ तासांनंतरच्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.३ च्या आसपास आलं, तर तुमच्या गावच्या डॉक्टरांकडेच पुढचं बघा. पाणी व्यवस्थित जाऊन, वजन वाढूनही ते १.६ लाच अडकलं किंवा वर गेलं, तर किडनीतज्ज्ञ गाठा. पाण्याची कमतरता फार वेळ राहिली की नळ्यांना खरी इजा होते. तेव्हा गुणोत्तर दहा-पंधरावर घसरतं आणि पाणी देऊनही क्रिएटिनिन हलत नाही. गंमत अशी फसवी असते की युरिया उतरल्यामुळे गुणोत्तर ‘सुधारलेलं’ दिसतं. म्हणून गुणोत्तर एकटं बघू नका, क्रिएटिनिन कुठल्या दिशेला चाललंय ते आधी बघा. अशी इजाही बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येते, पण ती तज्ज्ञाच्या नजरेखाली.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र रात्र असो वा पहाट, लगेच न्या. सहा-आठ तास लघवीच नाही, किंवा चोवीस तासांत मिळून ४०० मिलीच्या आत. आडवं झाल्यावर दम लागणं. बरळणं किंवा झोपेतून नीट जागं न होणं. काळं चिकट शौच किंवा रक्त. परत उलट्या सुरू होऊन पाणी न टिकणं. पोटॅशियम सहाच्या वर. लघवीच बंद असताना घरी जबरदस्तीनं पाणी पाजत बसणं धोक्याचं आहे. तिथं तात्यांचं म्हणणं खरं ठरेल, पण तो निर्णय दवाखान्यात होऊ द्या. डायलिसिसची भीती घरात असेल तर त्यांना सांगा की ती नुसत्या युरियाच्या आकड्यावर ठरत नाही. औषधानं न उतरणारं पोटॅशियम, रक्तातलं वाढलेलं आम्ल, फुप्फुसात साठलेलं पाणी किंवा युरियामुळे आलेली गुंगी, यांवर ती ठरते. अण्णांना सध्या यातलं काही नाही.

सगळं नॉर्मलला आलं तरी तीन महिन्यांनी एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी करा. अण्णांना बीपी आणि शुगर दोन्ही असल्यानं ही तपासणी तशीही वर्षाला एकदा हवीच. आणि गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवा: ‘उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणं-पिणं टिकत नसेल, तर बीपीची आणि मेटफॉर्मिनची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा.’ खाली डॉक्टरांचा नंबर आणि अण्णांचा बरा असतानाचा क्रिएटिनिनचा आकडा तारखेसह लिहून ठेवा.